चेंडूंचा खेळ, शब्दकोडे आणि दुपारीच संपणारा डेटा : घणसोलीतील एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नवी मुंबईतील घणसोली येथील एका कुटुंबाचे आहे. ओळख पटू नये म्हणून नावे आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत, तसेच खेळांची नावे दिलेली नाहीत. ज्यांच्या फोनबद्दल हे लिहिले आहे त्यांना येथे ताई म्हटले आहे. ताई घरगुती डब्यांचा व्यवसाय करतात. सकाळी अकरा-बारा डबे ऐरोली आणि महापे येथील कार्यालयांकडे जातात आणि संध्याकाळच्या पोळी-भाजीची मागणी पाच ते सात या वेळेत व्हॉट्सअॅपवर येते. घरात वायफाय नाही. दिवसाला १.५ जीबी देणारा प्रीपेड पॅक आणि अडीच वर्षे वापरलेला, अँड्रॉइड १३ चा, ५००० एमएएच बॅटरीचा फोन एवढेच त्यांचे साधन आहे. शाळेतून आल्यावर त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा याच फोनवर खेळतो.

मी याच परिसरात संगणकाचे वर्ग घेतो. ऑगस्ट महिन्याच्या १९ तारखेला ताई फोन घेऊन माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या मनात बॅटरी बदलायची की पॅक वाढवायचा एवढाच प्रश्न होता.

समस्या

साधारण दहा-बारा दिवसांपासून दोन गोष्टी एकाच वेळी सुरू झाल्या होत्या. पूर्वी रात्री झोपताना पाचशे-सहाशे एमबी डेटा शिल्लक असे. आता निम्मा डेटा संपल्याचा संदेश अकराच्या आत येऊ लागला होता आणि साडेचार-पाचपर्यंत पूर्ण कोटा संपत होता. त्यानंतर वेग इतका उतरे की ग्राहकाने पाठवलेला पत्त्याचा फोटो उघडत नसे, आणि तीन दिवसांत चार मागण्या त्यांना वेळेवर दिसल्याच नाहीत. दुसरे म्हणजे सकाळी सहाला पूर्ण चार्ज केलेला फोन दुपारी तीनला २० टक्क्यांवर येत होता. स्टेशनजवळच्या एका दुकानदाराने बॅटरी उतरली असल्याचे सांगून १,४०० रुपये मागितले होते.

बॅटरी जुनी होते हे खरेच आहे, पण ती हळूहळू जुनी होते, एका आठवड्यात नाही. शिवाय जुन्या बॅटरीमुळे डेटा जास्त खर्च होत नाही. दोन्ही तक्रारी एकाच आठवड्यात उभ्या राहिल्या असतील तर दोन्हींमागे एकच काम करणारे काहीतरी असावे, असा अंदाज मी तेव्हा बांधला.

विचारात घेतलेले पर्याय

बॅटरी बदलणे आणि मोठा पॅक घेणे हे दोन पर्याय वरील कारणामुळे मागे ठेवले. फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू करणे हा तिसरा पर्याय होता. त्याने त्रास कदाचित थांबला असता, पण मुलाने तोच खेळ दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतला असता आणि आम्ही होतो तिथेच परत आलो असतो. ताईंच्या भावाने फोन स्वच्छ करणारे एक मोफत अॅप सुचवले होते. अशी अनेक अॅप स्वतःच जाहिरातींवर चालतात, म्हणून ते टाळले.

सर्वांत मोहात पाडणारा पर्याय म्हणजे सगळे खेळ लगेच काढून टाकणे. फोनमध्ये सहा खेळ होते आणि ताईंची त्याला तयारीही होती. तरीही दोन दिवस काहीही काढू नये असे मी सुचवले, आणि या प्रकरणातील पहिला महत्त्वाचा निर्णय हाच ठरला. अॅप काढले की डेटाच्या यादीतील त्याची स्वतंत्र नोंद जाते आणि त्याचे आकडे काढलेल्या अॅपच्या एकत्रित ओळीत मिसळतात. मग कोणता खेळ दोषी आणि कोणता निर्दोष हे सांगता येत नाही, आणि मुलाकडून सहाच्या सहा खेळ काढून घेण्याखेरीज दुसरा मार्ग उरत नाही.

पहिली पाहणी : यादीत वर कोण, हा प्रश्न चुकीचा

`Settings → Network & internet → SIMs → App data usage` येथे महिन्याच्या १ तारखेपासूनचा खर्च अॅपनिहाय दिसतो. १९ दिवसांत एकूण २५.६ जीबी खर्च झाला होता. व्हिडिओ पाहण्याचे अॅप ८.२ जीबी घेऊन पहिल्या क्रमांकावर होते आणि रंगीत चेंडू नळ्यांमध्ये लावण्याचा मुलाचा खेळ ६.४ जीबी घेऊन दुसऱ्या क्रमांकावर होता. त्याखाली रील पाहण्याचे अॅप ३.१, व्हॉट्सअॅप २.९ आणि कॅरमचा खेळ १.१ जीबी असा क्रम होता. उरलेल्या ३.९ जीबीत बाकी सगळे होते.

यादी पाहताच ताई मुलाकडे वळून म्हणाल्या, "बघ, तुझे व्हिडिओ!" त्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही, कारण यादीचा क्रमच तसा समज करून देतो. पण व्हिडिओचे अॅप दिवसाला सरासरी ४० मिनिटे उघडे असल्याचे `Digital Wellbeing` दाखवत होते. १९ दिवसांची ७६० मिनिटे आणि ८.२ जीबी म्हणजे मिनिटाला सुमारे ११ एमबी होतात, आणि मध्यम दर्जाच्या व्हिडिओला एवढे लागतातच. तो खर्च डोळ्यांनी पाहिलेल्या चित्रांचा होता.

चेंडूंच्या खेळावर बोट ठेवल्यावर मात्र वेगळे चित्र दिसले. प्रत्येक अॅपच्या पानावर खर्चाचे दोन भाग असतात. अॅप समोर उघडे असताना झालेला खर्च `Foreground` या नावाखाली दिसतो आणि ते मागे असताना किंवा पडदा बंद असताना झालेला खर्च `Background` या नावाखाली. या खेळाचा समोरचा खर्च ०.९ जीबी होता आणि मागचा ५.५ जीबी. नळ्यांत चेंडू लावण्याच्या खेळाला, जो इंटरनेट बंद करूनही पूर्ण खेळता येतो, कोणी खेळत नसताना साडेपाच जीबी लागण्याचे कोणतेही प्रामाणिक कारण मला सुचले नाही. खेळाची नवी आवृत्ती उतरली असेल अशी शंका येऊ शकते, पण तो खर्च साधारणपणे प्ले स्टोअरच्या नावावर पडतो, खेळाच्या नाही.

त्याच पानावर मागील महिना निवडून पाहिला. जुलैत या खेळाचा संपूर्ण खर्च फक्त १४० एमबी होता. खेळ जुलैच्या पहिल्या आठवड्यात आला होता आणि चार-पाच आठवडे गप्प राहिला होता, त्यामुळेच घरात कोणी त्याचा आणि त्रासाचा संबंध जोडला नाही. ही चाल नवी नाही. मॅकॅफी या सुरक्षा कंपनीने २०२३ मध्ये पडदा बंद असताना जाहिराती चालवणारी ४३ अॅप उघड केली होती. ती मिळून सुमारे २५ लाख वेळा उतरवली गेली होती आणि त्यांतही बसवल्यानंतर काही आठवडे शांत राहण्याची पद्धत आढळली होती. त्याआधी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, ओरॅकलने उघड केलेल्या ड्रेनरबॉट प्रकारात अॅपमध्ये दडलेले जाहिरातींचे व्हिडिओ महिन्याला १० जीबीहून अधिक डेटा खाऊ शकत होते. पाहणारा कोणी नसला तरी जाहिरात दाखवल्याची नोंद होते आणि जाहिरातदाराचे पैसे अॅपवाल्याला मिळतात, म्हणून हा उद्योग चालतो.

रात्रीची चाचणी

महिन्याच्या बेरजेवरून संशय घेता येतो, पण खर्च नेमका केव्हा होतो हे कळत नाही. म्हणून १९ तारखेच्या रात्री ११.४० वाजता ताईंनी सगळी अॅप बंद केली, मोबाइल डेटा चालू ठेवला, फोन चार्जरवरून काढला आणि डेटाच्या पानाचा व बॅटरीच्या टक्क्यांचा स्क्रीनशॉट घेतला. पहाटे सहापर्यंत फोनला हात लावायचा नाही असे ठरले होते. गजराचे जुने घड्याळ शोधून काढावे लागले, हे येथे नमूद केले पाहिजे.

सकाळी चेंडूंच्या खेळाचा आकडा ६.४६ वरून ६.६५ जीबी झाला होता. म्हणजे सगळे झोपलेले असताना १९० एमबी गेले होते. बॅटरी ७८ वरून ५१ टक्क्यांवर आली होती. स्वस्थ पडलेल्या फोनची रात्रीतून पाच-सहा टक्के उतरते, २७ नाही. बॅटरीच्या पानावर याच खेळापुढे पडद्यावरचा वेळ शून्य मिनिटे आणि मागे चालल्याचा वेळ ४ तास ५० मिनिटे दिसत होता. दिवसाचा कोटा मध्यरात्री नव्याने सुरू होतो, त्यामुळे रात्रीचा हा बहुतेक खर्च नव्या दिवसाच्या खात्यावर पडत होता आणि ताई उठायच्या आधीच कोट्याचा आठवा भाग संपलेला असे.

येथे माझी एक चूक झाली होती, तीही सांगतो. १९ तारखेच्या संध्याकाळी ताई आल्या तेव्हा मी आधी फोन पूर्ण चार्ज करू दिला आणि नंतर बॅटरीचे पान उघडले. या फोनमध्ये ती यादी शेवटच्या पूर्ण चार्जपासून मोजली जाते, त्यामुळे दिवसभराचा पुरावा पुसला जाऊन पान जवळजवळ कोरे दिसले. फोन हातात आला की चार्जरला लावण्याआधी बॅटरीचे पान पाहणे, हा क्रम मी तेव्हापासून पाळतो.

दुसऱ्या दिवशी फोन लॅपटॉपला जोडून तासांचा हिशेबही पाहिला. हे प्रत्येकाने करायची गरज नाही, पण वेळेचा पुरावा येथे सर्वांत स्पष्ट मिळतो. आधी खेळाचा क्रमांक शोधायचा आणि मग त्या क्रमांकाच्या नोंदी पाहायच्या. खेळाचे मूळ नाव येथे बदलले आहे.

```
adb shell dumpsys package com.example.balls | grep userId
adb shell dumpsys netstats detail
```

दुसऱ्या आज्ञेच्या लांबलचक उत्तरात त्या क्रमांकाखाली `set=DEFAULT` लिहिलेला भाग मागच्या खर्चाचा असतो. त्यातील एक ओळ अशी होती :

```
st=1724097600 rb=63540112 rp=48210 tb=1904377 tp=21950 op=0
```

`st` म्हणजे दोन तासांच्या खणाची सुरुवात. ती सेकंदांत असते आणि येथे ती आपल्या वेळेनुसार २० तारखेच्या पहाटे दीडची निघते. `rb` म्हणजे आत आलेले बाइट, सुमारे ६३.५ एमबी, आणि `tb` म्हणजे बाहेर गेलेले, जेमतेम १.९ एमबी. हे प्रमाण पाहून ताईंच्या मनातील एक भीती कमी झाली. फोनमधले फोटो कोणी पळवत असेल का, असे त्या विचारत होत्या. फोटोंचा मोठा साठा बाहेर जात असता तर `tb` फुगला असता. येथे खेळ बाहेरून काहीतरी मोठे आत ओढत होता, आणि व्हिडिओ जाहिरातींचे स्वरूप तसेच असते. तरीही हे आकडे कोणी आणि केव्हा एवढेच सांगतात, काय ते सांगत नाहीत. म्हणून पीसीएपीड्रॉइड हे जोडण्यांची नोंद ठेवणारे मुक्त अॅप अर्धा तास चालवले, तेव्हा पडदा बंद असताना खेळ एकामागून एक जाहिरात सर्व्हरांची नावे उघडत असल्याचे दिसले.

आता राहिला प्रश्न असा, की अँड्रॉइड इतका वेळ मागे चालू देतो कसा. खेळाच्या परवानग्यांत उत्तर मिळाले. बॅटरीचा पर्याय `Unrestricted` वर होता आणि `Display over other apps` ही परवानगी दिलेली होती. मुलाला विचारल्यावर तो निरागसपणे म्हणाला, "काका, ते ओके केलं की पाचशे कॉइन मिळतात."

जे कोणाच्या ध्यानात नव्हते

प्रकरण येथे संपले असते, तर ते अर्धेच सुटले असते. मागचा खर्च पाहून लबाडी पकडता येते हे खरे, पण जाहिरात खेळ उघडा असतानाच, खेळाच्या चित्राखाली दडवून चालवली तर ती समोरच्या खर्चात मोजली जाते आणि मागचा आकडा शून्य राहतो. अशा वेळी एकच मोजमाप उपयोगी पडते, ते म्हणजे खेळलेल्या प्रत्येक मिनिटामागे किती एमबी गेले.

कॅरमचा खेळ आम्ही मापदंड म्हणून घेतला. तो दिवसाला सरासरी ५५ मिनिटे खेळला जात होता आणि त्याचा जवळपास सगळा खर्च समोरचा होता, म्हणजे मिनिटाला सुमारे एक एमबी. दर दोन-तीन डावांनंतर त्यात पूर्ण पडद्यावर व्हिडिओ जाहिरात येते. ती त्रासदायक असली तरी दिसते, आणि तिचा हिशेब जुळतो. तीस सेकंदांच्या जाहिरातीला तीन ते सहा एमबी लागणे स्वाभाविक आहे.

त्यानंतर उरलेल्या खेळांचा भागाकार करताना एक अनपेक्षित नाव पुढे आले, ताईंचे स्वतःचे शब्दकोडे. कुकरच्या शिट्या होईपर्यंत त्या ते खेळत. दिवसाला सहा मिनिटे, म्हणजे १९ दिवसांत ११४ मिनिटे. खर्च मात्र ३८० एमबी, मिनिटाला ३.३ एमबी. जाहिरातींनी भरलेल्या कॅरमच्या तिप्पट, आणि तेही ताईंच्या शब्दांत "एकही जाहिरात न येणारा खेळ". खरोखरच तळाशी एक छोटी स्थिर पट्टी सोडून त्यात काही दिसत नव्हते. तशी पट्टी मिनिटातून एक-दोनदा बदलली तरी दहा मिनिटांत दोन-तीन एमबीच्या वर जाऊ नये.

म्हणून बाकी सारे बंद करून ताईंनी मोजून दहा मिनिटे कोडे सोडवले. आकडा लगेच बदलत नाही, म्हणून थोडे थांबून पान पुन्हा उघडले. ४१ एमबी गेले होते आणि फोन तळहाताला कोमट लागत होता. खेळाने एखादे नवे साहित्य एकदाच उतरवले असेल ही शक्यता उरत होती, पण दुसऱ्या दिवशी तीच चाचणी केल्यावर ३८ एमबी निघाले. एकदाच उतरवायची गोष्ट रोज उतरत नाही. डेटा बंद करून खेळल्यावर कोडे तसेच्या तसे चालले आणि फोनही गार राहिला.

केलेली कृती

चेंडूंच्या खेळाबाबत दोन मते होती. मुलाची ३१२ वी पातळी चालू होती, त्यामुळे ताईंना तो काढावासा वाटेना. आधी सौम्य उपाय करून पाहिला. बॅटरीचा पर्याय `Restricted` केला, मागचा डेटा बंद केला आणि इतर अॅपवर दिसण्याची परवानगी काढली. त्या रात्री खेळाने एक एमबीही घेतला नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी २० मिनिटांच्या खेळात ८० एमबी गेले. पूर्वी समोरचा खर्च मिनिटाला सुमारे दोन एमबी होता, तो चार झाला. मागे वाट बंद झाल्यावर खेळ तेच काम उघडा असताना करू लागला होता. हे बंधन आणखी वाढवता येत नाही, कारण समोर उघड्या असलेल्या अॅपचा डेटा या मार्गाने अडवता येत नाही. म्हणून चेंडूंचा खेळ आणि शब्दकोडे दोन्ही काढून टाकले, आणि काढण्यापूर्वी प्ले स्टोअरवरील त्यांच्या पानावरून तक्रार नोंदवली. कॅरम ठेवला, पण रोज अर्धा तास.

परिणाम

तिसऱ्या दिवसापासून निम्मा डेटा संपल्याचा संदेश दुपारी चारच्या सुमारास येऊ लागला आणि रात्री पाचशे एमबीच्या आसपास शिल्लक राहू लागले. फोन रात्री दहाला ३५ टक्क्यांवर असतो. बॅटरी बदलली नाही आणि पॅकही वाढवला नाही. बॅटरी नव्यासारखी नाही हे दुकानदाराचे म्हणणे काही अंशी खरे होते, पण ते १,४०० रुपये खर्च करण्याजोगे कारण नव्हते. तक्रारीनंतर तीन आठवड्यांनी पाहिले तेव्हा चेंडूंचा खेळ स्टोअरवर तसाच होता.

वेगळे काय करता आले असते

तासांचा हिशेब आणि जोडण्यांची नोंद यांत माझी दीड संध्याकाळ गेली. ताईंच्या निर्णयासाठी रात्रीची चाचणी आणि मिनिटामागचा भागाकार एवढे पुरेसे होते. बाकीचे मुख्यतः माझ्या समाधानासाठी झाले. उलट परवानग्यांचे पान पहिल्याच दिवशी पाहायला हवे होते. एखाद्या साध्या खेळाला बॅटरीची मोकळीक आणि इतर अॅपवर दिसण्याची मुभा असेल, तर चाचणी कोणत्या खेळापासून सुरू करायची हे तेथेच ठरते.

सौम्य उपाय करून पाहण्यात एक दिवस गेला याचा मात्र खेद नाही. तो दिवस गेला नसता तर मागचा डेटा बंद करून काम भागते असा माझाही समज राहिला असता, आणि पुढच्या माणसाला मी तोच सल्ला दिला असता.

मुलाने सप्टेंबरमध्ये फुगे फोडण्याचा एक खेळ घेतला. पहिल्या आठवड्यात त्याचा मागचा खर्च २ एमबी होता. ताईंनी तो ठेवला आहे, पण चेंडूंचा खेळ महिनाभर गप्प बसला होता हे त्या विसरलेल्या नाहीत. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी त्यांनी दर २० तारखेला "फोनचा हिशेब" असे लिहून ठेवले आहे.